वरातीच्या अंगावरच्या रेघा: व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना काय निवडायचं

आत्याचं लग्न १९९२ सालचं. वरात गिरगावातून निघाली होती. बँड, पेट्रोमॅक्सवाले आणि मागून खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस, त्याच्याबरोबर हॅलोजनचा दिवा धरलेला पोऱ्या. ती कॅसेट दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणली. टीव्हीला लावली तर नाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातापायांना आडव्या रेघांची झालर. माणूस उभा राहिला की झालर गायब, हलला की परत हजर. शिवाय सगळे थोडे बुटके आणि रुंद दिसत होते. आत्या म्हणाली, "अरे, कॅसेट खराब झालीय रे. किती वर्षं माळ्यावर पडली होती."

कॅसेट बरीच ठीक होती. बिघाड झाला होता तो ती फाइल बनवताना. मग मीच लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी कॅप्चरची डबी आणली, ओळखीतल्या एकाचा व्हीसीआर मागितला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात ज्या दोन-तीन निवडींवर जवळजवळ सगळं अवलंबून असतं, त्यांच्याबद्दल हा लेख आहे.

आधी त्या रेघांचं बघू, कारण ते कळलं की निम्म्या सेटिंग्जचा अर्थ आपोआप लागतो.

आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत म्हणजे पाल. तिच्यात दिसणाऱ्या चित्राच्या ५७६ आडव्या ओळी असतात आणि सेकंदाला २५ चित्रं. पण कॅमेरा पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नसे. आधी तो एकाआड एक अशा २८८ ओळी टिपायचा आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या २८८. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. म्हणजे कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रं नाहीत, तर ५० वेगवेगळ्या क्षणांची ५० अर्धी चित्रं आहेत. जुना काचेचा टीव्ही ती एकामागोमाग एक दाखवायचा, त्यामुळे हालचाल लोण्यासारखी दिसायची. कॅप्चरची डबी मात्र दोन फील्ड एकमेकांत गुंफून एक फ्रेम बनवते. आजचा सपाट पडदा ती फ्रेम एकदम दाखवतो आणि दोन वेगळे क्षण एकाच चित्रात दिसतात.

हिशोब करून बघा. कॅमेऱ्याच्या जवळून नाचत जाणारा एखादा काका दोन सेकंदांत चौकटीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. चौकट साधारण ७०० पिक्सेल रुंद, दोन सेकंदांत फील्ड १००. म्हणजे एका फील्डपासून दुसऱ्यापर्यंत काका सात पिक्सेल सरकला. म्हणून त्याच्या सदऱ्याच्या कडेला सात पिक्सेल लांबीचे, एकाआड एक ओळीवर उगवलेले कंगव्याचे दात दिसतात. स्तब्ध बसलेल्या आजीच्या कडेला ते दिसत नाहीत. तेव्हा हे दात म्हणजे घाण नव्हेच, उलट हालचालीची जादा माहिती आहे. ती कशी उलगडायची एवढाच प्रश्न.

दुकानाच्या फाइलमध्ये ती उलगडता येत नव्हती, आणि हे कसं ओळखायचं ते सांगतो. व्हिडिओ थांबवून हलणारी कड मोठी करून बघा. दात अगदी एकेका ओळीचे, सारख्या जाडीचे असतील तर फील्ड शाबूत आहेत, काम होईल. पण दात जाडेभरडे, कुठे ठळक कुठे पुसट, लाटांसारखे दिसले तर समजा की गुंफलेली फ्रेमच कुणीतरी मोठी करून १०८० ओळींवर ताणली आहे. ५७६ ओळी ताणताना शेजारच्या ओळी एकमेकांत मिसळतात, म्हणजे दोन क्षण कायमचे कालवले जातात. त्यातून ते परत वेगळे करणारं कोणतंही बटण नाही. कॅसेट पुन्हा चालवायची, हाच उपाय.

दुकानदाराचा दोष मी फार काढत नाही, कारण घरी बसून हीच चूक करणं फार सोपं आहे. ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुष्कळ जण वापरतात. ते मुळात खेळ आणि भाषणं थेट दाखवण्यासाठी बनलेलं आहे. त्यात पडद्याचा मोठा आकार आणि सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम असा सरंजाम आधीच ठरलेला असला, की कॅसेटचं चित्र आत जातानाच ताणलं जातं आणि २५ चं ३० करताना दर थोड्या वेळाने एक फ्रेम दुबार होते. चाल अडखळते. शिवाय ते रंगाची माहिती ज्या पद्धतीने साठवतं, तिच्यात वरखालच्या दोन ओळींना मिळून एकच रंग मिळतो. गुंफलेल्या चित्रात वरखालच्या ओळी वेगळ्या क्षणांच्या असतात. परिणामी लाल शालूचा काठ हलला की त्या लालात दोन क्षण मिसळतात, आणि पुढे रेघा काढल्या तरी तो लाल फरफटलेलाच राहतो.

म्हणून मी व्हर्च्युअलडब वापरलं. ते जुनाट दिसतं, पण कॅप्चरसाठी नेमकं आहे. त्यात पाल निवडायचं. एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची पद्धत, राहिली तर चित्र बहुधा काळंपांढरं होतं किंवा वरखाली घसरत राहतं, त्यामुळे ती चूक लगेच कळते. आकार 720x576, सेकंदाला २५ फ्रेम, रंगाचा प्रकार `YUY2`, आवाज 48000 हर्ट्झ आणि साठवायला हफवाययूव्ही, म्हणजे काहीही न गमावता दाबणारा कोडेक. रेघा काढण्याचा पर्याय दिसला तर तो बंद. या टप्प्यावर काहीही सुधारायचं नाही, आहे तसं उचलायचं.

याला जागा लागते. विनादाबाचं गणित सोपं आहे: ७२० गुणिले ५७६ गुणिले २ बाइट गुणिले २५, म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, तासाला पंचाहत्तर जीबीच्या आसपास. हफवाययूव्हीने ते साधारण निम्म्यावर येतं. आत्याची कॅसेट दोन तास चाळीस मिनिटांची होती. ती एका साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आरामात मावली. थेट एमपी४ करून जागा वाचवण्याचा मोह टाळा. कॅसेटवरचा कचकचाट दाबताना कोडेकची दमछाक होते आणि त्याचे चौकोनी डाग नंतर धुऊन निघत नाहीत.

कॅसेट लावण्याआधी मुंबईकरांनी एक करावं: झडप उघडून फितीच्या रिळाकडे टॉर्चच्या उजेडात बघावं. इथल्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कॅसेटच्या रिळावर पांढरट बुरशी धरते. ती दिसली तर कॅसेट चालवू नका, गुंडाळूही नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. ते काम जाणकाराकडेच द्यावं. फीत स्वच्छ असेल तर मात्र एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते.

आता उजेडाची निवड. हिच्याकडे फार जण लक्ष देत नाहीत आणि नंतर पस्तावतात. डिजिटल व्हिडिओत काळ्याची पायरी १६ आणि पांढऱ्याची २३५ धरतात. डबीच्या ड्रायव्हरमध्ये ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टचे आकडे आधीच बसवलेले असतात, ते बहुधा भडक. हॅलोजनच्या झोतात पांढरं धोतर आलं की ते २३५ च्या वर जातं, मग २५५ ला आपटून सपाट होतं. तिथल्या निऱ्या गेल्या त्या गेल्याच. पुढे कितीही काळोख केला तरी पांढऱ्याचं राखाडी होईल, निऱ्या उगवणार नाहीत.

म्हणून आधी कॅसेटमधले दोन प्रसंग शोधा, सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोखा. माझ्याकडे उजळ म्हणजे अंतरपाट, जो हॅलोजनसमोर नुसता पेटला होता, आणि काळोखा म्हणजे वरातीची मागची बाजू. व्हर्च्युअलडबच्या कॅप्चरमध्ये `Histogram` चालू केला की उजेडाचा आलेख दिसतो आणि हद्दीबाहेरचा भाग लाल होतो. अंतरपाट चालू असताना आलेखाचा उजवा कडा भिंतीला टेकून उंच उभा होता. कॉन्ट्रास्ट १२८ वरून ११० वर आणला तेव्हा तो आत आला. मग वरात लावून ब्राइटनेस दोन-तीन घरं चढवला. एक खोच आहे: चित्राच्या कडेच्या काळ्या पट्ट्यासुद्धा आलेखात मोजल्या जातात आणि काळोख उगाच जास्त दिसतो. तेवढ्यापुरता क्रॉप लावून त्या बाहेर काढाव्यात आणि खरं कॅप्चर सुरू करण्यापूर्वी क्रॉप आठवणीने काढून टाकावा. या सेटिंगला चित्र किंचित मिळमिळीत दिसेल. दिसू द्या. झगझगीत नंतर करता येतं.

कॅप्चर चालू असताना मी चित्राकडे बघतच नाही, कोपऱ्यातल्या गळालेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमच्या आकड्यांकडे बघतो. कॅसेटवर जिथे शूटिंग थांबवून पुन्हा सुरू केलंय तिथे सिग्नल क्षणभर कोलमडतो. डबी गोंधळते, फ्रेम गळतात, पण आवाज मात्र चालूच राहतो. असं वीस-तीस वेळा झालं की शेवटाकडे ओठ आणि शब्द वेगळे चालतात. ताशाची टिपरी हा उत्तम मोजमाप आहे: टिपरी पडलेली फ्रेम आणि आवाजाचा ठोका सुरुवातीला जुळतो का, शेवटी जुळतो का ते बघा. फरक हळूहळू वाढत गेला असेल तर फ्रेम गळल्या आहेत, आणि सरसकट आवाज पुढेमागे करून भागणार नाही. पहिल्या खेपेला माझे ४१ फ्रेम गळाले, म्हणजे दीड सेकंदाहून जास्त. मग व्हीसीआर आणि डबीच्या मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर घातला. डिस्क न लिहिता, नुसता सिग्नल त्यातून पार केला. असे काही रेकॉर्डर डळमळणारा सिग्नल सरळ करून पुढे देतात, सगळे नाही. दुसऱ्या खेपेला तीनच फ्रेम गळाले. वरच्या कडेला चित्र जे झेंड्यासारखं फडफडत होतं, तेही थांबलं.

कच्ची फाइल हातात आली की रेघा उलगडायच्या. त्यासाठी कुठलं फील्ड आधीचं ते माहीत हवं, वरच्या ओळीपासून सुरू होणारं की खालच्या. अंदाज करण्यापेक्षा एफएफएमपेगला, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरला, विचारावं, आणि त्यासाठी हालचाल असलेला तुकडा द्यावा:

```
ffmpeg -i varat.avi -vf idet -frames:v 1000 -an -f null -
```

शेवटी `Multi frame detection` ची ओळ येते. माझ्याकडे `TFF: 871 BFF: 0 Progressive: 96 Undetermined: 33` आलं. म्हणजे वरचं फील्ड आधीचं, आणि ९६ फ्रेममध्ये फारसं काही हललंच नाही. डबीतून आलेल्या पाल कॅप्चरमध्ये बहुधा हेच निघतं. जुन्या डीव्ही कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये मात्र उलट, खालचं आधी असतं. चुकीचा क्रम दिला तर चूक लपत नाही: वरात दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरत चालते.

आता खरी निवड. रेघा काढायचे तीन मार्ग भेटतात. पहिला, दोन फील्ड एकमेकांत विरघळवणं. दात जातात, पण हलणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याचंच पुसट भूत उभं राहतं. हा मार्ग मी कधीच घेत नाही. दुसरा, प्रत्येक जोडीतून एकच फ्रेम बनवणं, म्हणजे सेकंदाला २५. चित्र स्वच्छ असतं, पण निम्मे क्षण फेकले जातात आणि नाच सिनेमासारखा किंचित झटक्याने दिसतो. तिसरा, प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम बनवणं आणि राहिलेल्या ओळी आजूबाजूच्या फील्डवरून भरणं, म्हणजे सेकंदाला ५०. काचेच्या टीव्हीवर कॅसेट जशी दिसायची तशीच चाल यातून मिळते. लग्न, नाटकं, शाळेची गॅदरिंग, कॅमेऱ्याने काढलेलं जे काही असेल त्याला माझं मत सरळ ५० ला.

अपवाद एक. दूरदर्शनवर लागलेला सिनेमा कुणी कॅसेटवर उतरवून घेतला असेल तर मूळ फिल्मच्या एका चित्रातूनच दोन्ही फील्ड निघालेली असतात. त्यात दात नसतात आणि `idet` मध्ये `Progressive` चा आकडा भलामोठा येतो. तिथे रेघा काढायच्या भानगडीत पडलात तर उलट चित्राची धार जाते.

आत्याच्या लग्नाला शेवटी ही आज्ञा लावली:

```
ffmpeg -i varat.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,
chromashift=cbv=-2:crv=-2,hqdn3d=2:1.5:3:3,
crop=704:576:8:0,drawbox=y=566:h=10:color=black:t=fill,
scale=768:576,setsar=1,format=yuv420p" \
-c:v libx264 -crf 18 -preset slow -c:a aac -b:a 160k varat.mp4
```

`bwdif` म्हणजे रेघा उलगडणारा, `send_field` म्हणजे सेकंदाला ५०. तो सगळ्यांच्या आधी हवा. आकार बदलणं किंवा डाग पुसणं त्याच्या आधी आलं, तर दुकानासारखीच कालवाकालव होते.

`chromashift` ची गोष्ट मजेशीर आहे. आपल्याला लग्नाची जी कॅसेट मिळते ती बहुधा मूळ नसतेच. शूटिंगच्या कॅसेटवरून एडिट केलेली एक प्रत आणि तिच्यावरून काढलेली आपली प्रत. पाल व्हीएचएसमध्ये दर प्रतीला रंग थोडा खाली घसरतो. आत्याचं कुंकू पाहिलं तर लाल रंग टिकलीच्या आकारापेक्षा थोडा खाली, भुवयांच्या मधे ओघळला होता, आणि ओठांचा लाल हनुवटीकडे गेला होता. वजा दोनने रंग दोन ओळी वर गेला आणि कुंकू जागेवर बसलं. तुमच्या कॅसेटला एक लागेल, तीन लागतील किंवा काहीच लागणार नाही. चेहरा मोठा करून बघायचं, बस.

`hqdn3d` कचकचाट पुसतो. इथे हात आखडता ठेवा. तो शेजारच्या फ्रेमशी तुलना करून जे सारखं बदलतंय ते कचरा समजतो. चारपाच पट जोर दिला तेव्हा पेट्रोमॅक्सच्या मागे धुराची शेपटी उमटायला लागली आणि नवऱ्या मुलाचा चेहरा मेणाचा झाला. जोर ठरवायला थांबलेली फ्रेम बघू नका, त्यात सगळंच छान दिसतं. हलत्या चेहऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून तो चालवून बघा. व्हीएचएसवर आडवा तपशील मुळातच साधारण २४० रेघांचा, त्यामुळे धार वाढवणाऱ्या फिल्टरला धार करायला तिथे काही नसतं. तो फक्त कडांना पांढरी किनार लावतो.

`drawbox` तळाच्या दहा ओळींवर काळी पट्टी टाकतो. तिथे चित्र वाकडं होऊन लडबडलेलं दिसतं. व्हीसीआरचं एक हेड जाऊन दुसरं फितीवर येतं, तो हा क्षण. सगळ्याच व्हीएचएस कॅसेटमध्ये तो असतो, फक्त जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायचा.

आणि बुटक्या माणसांचं उत्तर `crop` आणि `scale` मध्ये आहे. पालचे पिक्सेल चौरस नसतात. ७२० पैकी दोन्ही बाजूंचे आठ-आठ पिक्सेल वगळले की उरलेले ७०४ चार-तीनच्या चौकटीत बसतात, आणि ५७६ ओळींना चार-तीनची रुंदी म्हणजे ७६८. दुकानात चित्र ताणून सोळा-नऊ केलं होतं, म्हणून सगळी वऱ्हाडी मंडळी आडवी वाढली होती. नव्या टीव्हीवर दोन बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. येऊ द्याव्यात.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर शेवटचा आकार वाढवावा लागतो, कारण तिथे सेकंदाला ५० फ्रेम फक्त ७२० ओळी आणि त्यावरच्या व्हिडिओला मिळतात. ५७६ ची फाइल चढवली की ती २५ वर येते आणि एवढी उलगडलेली चाल परत निम्मी. म्हणून त्या प्रतीसाठी `scale=768:576` च्या जागी `scale=1440:1080:out_color_matrix=bt709` घालतो. आता फील्ड उलगडलेली असल्यामुळे ताणण्याने काही बिघडत नाही. मागचा तुकडा रंगासाठी. तो नसला तर मोठ्या आकाराला पडदा वेगळ्या नियमाने रंग वाचतो आणि हिरवा शालू जरा वेगळाच हिरवा दिसतो.

घरच्या ग्रुपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला, नाहीतर व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबतं. पूर्ण लग्न कुणी उतरवून घेणार नाही, म्हणून फक्त वरातीची चार मिनिटं. आत्याने ती बघून फोन केला आणि विचारलं, बँडमधला तो सनईवाला बरोबर वाजवतोय की नाही, कारण तेव्हा त्याचे पैसे कापले होते.